क्लिपच्या वर्णनात पहिली ओळ कामाची, दुसरी संपर्काची

सीताबर्डीतला मिठाईवाला तुमच्या डिझाइनच्या कामाची क्लिप मोबाईलवर बघतो तेव्हा ‘अधिक’ दाबेपर्यंत त्याला यूट्यूबच्या वर्णनाचा थोडासाच भाग दिसतो. तिथे ‘क्रिएटिव्ह, पॅशनेट डिझायनर’ असेल तर त्याला काहीच कळत नाही. शीर्षकातलं ‘शोरील फायनल’ही तसंच. मर्यादा १०० अक्षरांची असली तरी कामाचं नाव सुरुवातीलाच घ्या, कारण लांब शीर्षक शेवटाकडून कापलं जातं. संत्रा बर्फीच्या डब्याची क्लिप असेल तर असं लिहा, पहिली ओळ शीर्षकात आणि पुढच्या दोन वर्णनात:

```
मिठाईच्या डब्याचं पॅकेजिंग आणि लोगो | नागपूर
डब्याचं डिझाइन, डायकट, छपाईची फाइल: सगळं मी केलं.
कामासाठी व्हॉट्सॲप: https://wa.me/91XXXXXXXXXX
```

फोटो दुसऱ्याने काढले असतील तर ‘सगळं’ लिहू नका. ग्राहक उद्या तेच काम तुमच्याकडे मागेल.

संपर्क एकच द्या. ईमेल, इन्स्टा, दोन नंबर दिले की एखादा मेसेज हमखास न बघितलेला राहतो. लिंकमध्ये ९१ नंतर थेट दहा आकडे येतात. अधिकचं चिन्ह किंवा सुरुवातीचं शून्य घालू नका. शॉर्ट्सच्या वर्णनात तर लिंक दाबताच येत नाही, म्हणून तिथे नंबर क्लिपच्या शेवटच्या फ्रेमवरही टाका. अपलोड झाल्यावर घरातल्या दुसऱ्या फोनवरून वर्णनातली लिंक एकदा दाबून बघाच.