पुसट झालेलं किराणा बिल कसं वाचायचं

थर्मल बिलावर शाई नसते. कागदावरच रंगद्रव्याचा आणि त्याला रंगवणाऱ्या आम्लधर्मी रसायनाचा थर असतो. प्रिंटरच्या गरम टोकाखाली दोन्ही वितळून एकत्र आले की तिथं काळं होतं. ही अभिक्रिया उलटीही फिरते. ऊन, तेलकट बोटं, सॅनिटायझर आणि पाकिटातला प्लास्टिकचा पारदर्शक कप्पा, या सगळ्यांनी अक्षरं वाचेनाशी होतात. म्हणून बिल वाचायला घेण्याआधी ते प्लास्टिकमधून काढून कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, तिच्या गोंदानं उरलीसुरली अक्षरंही जातात. गरम लॅमिनेशन तर नकोच, अख्खा कागद काळा होतो.

आधी चांगला फोटो

बिल काचेखाली सपाट दाबा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, आणि फोन बरोबर वरून धरा. फ्लॅश बंद. स्कॅनर असेल तर 600 डीपीआयवर रंगीत स्कॅन घ्या. कृष्णधवल घेतलात तर पुढची युक्ती चालणार नाही.

विरलेली अक्षरं क्वचितच नुसती राखाडी असतात. ती निळसर किंवा तपकिरी होतात, आणि तोच धागा पकडायचा. संगणकावर GIMP या चित्रं सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये `Colors > Components > Extract Component` उघडा. अक्षरं निळसर असतील तर लाल घटक निवडा, तपकिरी-पिवळसर असतील तर निळा. जो रंग अक्षरात कमी असतो, त्या घटकात अक्षर गडद दिसतं. मग `Colors > Levels` मध्ये दोन्ही टोकांचे त्रिकोण मधल्या उंचवट्याजवळ सरकवा. फोनवरच करायचं असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवून चित्र उलट्या रंगात पाहा. काळ्यावर पांढरं कधीकधी लवकर वाचता येतं.

हेअर ड्रायरची युक्ती बरेच जण सांगतात. मागून हलकी ऊब दिली की कोरा भाग काळवंडतो आणि अक्षरं कधी फिकट उठून दिसतात, पण कधी सगळंच काळं होतं आणि मूळ बिल कायमचं जातं. फोटो हातात आल्यावरच, आणि ते बिल कुणाला दाखवायचं नसेल तरच करा.

रकाने मोजा

इथं खरी मदत प्रिंटरकडूनच मिळते. हे प्रिंटर साधारणतः एका मिलिमीटरमध्ये 8 ठिपके छापतात आणि नेहमीच्या टंकातलं प्रत्येक अक्षर 12 ठिपके रुंद असतं, म्हणजे दीड मिलिमीटर. 58 मिमीच्या रोलवर छपाई 48 मिमी रुंद असते, त्यात 32 अक्षरं बसतात. 80 मिमीच्या रोलवर 48 अक्षरं. दुकानदारानं बारीक टंक लावला असेल तर हिशोब बदलतो, त्यामुळे आधी एखादी स्पष्ट ओळ मोजून घ्या. `------` ची रेघ त्यासाठी उत्तम.

मग फोटोवर दीड मिलिमीटरची उभी जाळी टाका आणि प्रत्येक खणात एकच अक्षर, कळत नसेल तिथं `?` लिहा. 58 मिमीच्या एका नमुना बिलाची जाळीतली नक्कल अशी दिसेल:

```
TUR DAL LS   1.?46 1?2.00 1?6.93
SNF OIL PCH      2 134.00 268.00
GRNDNT RAW P 0.500 148.00  74.00
HAIR OIL COC     1  95.00  95.00
```

नावाला 12 खण, नगाला किंवा वजनाला 6, दराला 7, रकमेला 7. आकडे उजवीकडे टेकलेले असतात, म्हणून दशांश चिन्ह पुसलं तरी त्याची जागा ठाऊक असते. नग पूर्णांकात असेल तर माल पाकीटबंद. तीन दशांश असतील तर तो तोललेला.

एक फसवणूक ओळखायला हवी. बिलभर वरपासून खालपर्यंत एकच पांढरी उभी रेघ दिसत असेल तर तो विरण्याचा प्रकार नाही, प्रिंटरचे ठिपके मेलेले आहेत. त्या खणातल्या 8 ची डावी कड गेली की तो 3 वाटतो. त्याच खणात तारखेचा किंवा फोन नंबरचा एखादा माहीत असलेला आकडा आला असेल, तर तो कसा बिघडलाय ते पाहून बाकीचे दुरुस्त करा.

अंक गणितानं भरा

तूरडाळीच्या ओळीत तीन अंक गेलेत. वजन `1.?46`, दर `1?2.00`, रक्कम `1?6.93`. दहा वजनं आणि दहा दर, अशा शंभर जोड्या स्प्रेडशीटमध्ये गुणून पाहा. पैसे .93 येणाऱ्या जोड्या दोनच निघतात, दोन्ही 142 च्या दराच्या: 1.246 किलो आणि 1.746 किलो. दुसरीची रक्कम 247.93 होते, ती `1?6.93` शी जुळत नाही. उरलं 1.246 × 142 = 176.93. तोललेल्या मालाच्या ओळी अशा सुटतात, कारण पैशांपर्यंतचा हिशोब फार थोड्या जोड्यांना जमतो. गोल दराच्या पाकिटांना ही सोय नाही. तिथं 134 आणि 184 मधला फरक बेरजेवरूनच काढावा लागतो.

बेरीज 613.93, खाली राउंड ऑफ 0.07 आणि एकूण 614.00 असं दिसलं तर चारही रकमा पक्क्या. एकूण नग-वजन छापलेलं असेल तर तेही जुळवा: 1.246 + 2 + 0.500 + 1 = 4.746. एखादा आकडा चुकीचा वाचला असेल तर तो बहुधा इथं उघडा पडतो.

जीएसटीचा तक्ता असेल तर आणखी एक टेकू मिळतो. सूर्यफूल तेलावर 5 टक्के धरले तर 268 मधली करपात्र रक्कम 255.24 आणि सीजीएसटी, एसजीएसटी प्रत्येकी 6.38. मात्र बिलाची तारीख आधी वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून केसांच्या तेलावरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला; जुन्या बिलाला नवा दर लावलात तर गणित जुळणार नाही आणि दोष डोळ्यांना द्याल.

नावं उलगडताना

आखडलेली नावं दोन तऱ्हेची असतात आणि दोन्ही वेगळी वाचावी लागतात. `GRNDNT` मध्ये कुणीतरी टंकताना स्वर गाळलेत: ग्राउंडनट, शेंगदाणे. `HAIR OIL COC` मात्र खणांची हद्द संपल्यामुळे कापलंय, पुढचं `ONUT` छापलंच नाही. बरोबर बाराव्या खणात संपणारं प्रत्येक नाव कापलेलं असू शकतं असं धरूनच चाला. `GRNDNT RAW P` मधला `P` म्हणजे पिंक की प्रीमियम, हे या कागदावरून कळणार नाही. `LS` लूज, `PCH` पाउच, ही तोललेला की पाकीटबंद यावरून पडताळता येतात. इथं तूरडाळीला तीन दशांश आहेत, म्हणजे `LS` बरोबर.

एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गीकरणाचा कोड छापला असेल तर तो आधी वाचा. 1512 म्हणजे सूर्यफूल, करडई किंवा सरकीचं तेल, 1508 शेंगदाणा तेल, 1507 सोयाबीन. `OIL` एवढंच दिसत असताना हे चार अंक नावापेक्षा जास्त सांगतात. छोट्या दुकानांच्या बिलावर हा कोड बहुधा नसतो.

एवढं करूनही काही `?` उरतील, ते तसेच ठेवा. हिशोबाच्या वहीत अंदाजाचा आकडा गेला की तो पुढं खरा समजला जातो. बिल नंबर, तारीख आणि वेळ मात्र ताणून वाचा. यूपीआय किंवा कार्डाच्या नोंदीतून एकूण रक्कम आणि वेळ मिळते, आणि बिल नंबर सांगितला तर बरीच दुकानं त्यांच्या प्रणालीतून दुसरी प्रत काढून देतात.