प्रोजेक्ट संपल्यावरचं ‘काय शिकलो’ प्रेझेंटेशन: या चुका टाळा

बेळगावात उद्यमबाग, मच्छे बाजूला ज्यांनी फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये काम केलंय त्यांना हे प्रेझेंटेशन नवीन नाही. नवीन पार्टचं डेव्हलपमेंट झालं, पायलट लॉट गेला, कस्टमरने ओके दिलं की मॅनेजर म्हणतात एक लेसन्स लर्न्ड करून टाका, मग आपण तीन रकाने पाडतो, काय चांगलं झालं, काय फसलं, काय बदलायचं, आणि अर्ध्या तासात भरून मोकळे. मीही तसंच केलं होतं. नंतर तेच प्रेझेंटेशन पूर्ण मोडून परत करावं लागलं, आणि तेव्हा कळलं की चुका रकान्यांच्या आतच होत्या, म्हणजे चांगल्याच्या रकान्यात नशीब बसलेलं आणि फसल्याच्या रकान्यात कारण नसून नुसता आकडा.

आधी केस सांगतो. हायड्रॉलिक पंपाची बॉडी, ग्रे आयर्न, आत तेल जायला वाकडीतिकडी वाट, त्यामुळे ती पोकळी ठेवायला आत कोल्ड बॉक्सचा कोअर, म्हणजे रेझिनने घट्ट केलेला वाळूचा आकार. कस्टमरला पायलट लॉटमध्ये ३०० नग मशीनिंग करून पाहिजे होते, तारीख जुलैची. आम्ही ४०० ओतले. फेटलिंग म्हणजे नगाची साफसफाई झाल्यावर नजरेला दिसणाऱ्या डिफेक्टमध्ये १४ गेले, राहिलेले ३८६ मशीन केले आणि लीक टेस्टला ४१ फेल झाले. उरले ३४५, त्यातले ३०० वेळेवर गेले. कस्टमर खूश.

चूक पहिली: रिझल्ट चांगला आला म्हणून ‘चांगलं झालं’ मध्ये टाकणे

माझ्या पहिल्या स्लाइडवर सगळ्यात वर होतं, ‘डिलिव्हरी वेळेवर, १०० टक्के’. खोटं नव्हतं ते. पण प्लॅन किती ओतायचा होता ते मी परत काढून बघितलं तर ३२०. वरचे ८० सुपरवायझरने स्वतःच्या अंदाजाने ओतले होते, पावसाळा आहे, पार्ट नवीन आहे, थोडे जास्त असू देत म्हणून. आता हिशोब करा. ४०० तले ३४५ चांगले निघाले, त्याच प्रमाणात ३२० तले २७६ निघाले असते. म्हणजे प्लॅनप्रमाणे गेलो असतो तर २४ नग कमी पडले असते आणि हीच स्लाइड फसल्याच्या रकान्यात गेली असती.

म्हणून आता मी चांगल्याच्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो, तो माणूस त्या आठवड्यात रजेवर असता तर हे झालं असतं का? नसतं, तर ती ओळ तिथून काढायची. सुपरवायझरचा अंदाज बरोबर होता आणि त्याचं श्रेय त्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर द्यायलाच पाहिजे, पण प्रोजेक्टच्या दृष्टीने ती गोष्ट ‘बदलायचं’ मध्ये जाते, म्हणजे पावसाळ्यातल्या नवीन कोअरच्या पार्टला जास्तीचे नग किती ओतायचे हे प्लॅनमध्येच लिहायचं.

मग चांगलं खरंच काय झालं होतं? लीक टेस्टचं फिक्स्चर. ते पायलट लॉटच्या आधी तयार होतं आणि मुद्दाम भोक पाडलेला एक नग त्यावर लावून बघितला होता, पाण्यात बुडवून हवा सोडली की बुडबुडे दिसतात की नाही ते. त्यामुळे ४१ नग आमच्याकडेच अडकले, कस्टमरच्या असेंब्लीत गेले नाहीत. हे ठरवून केलेलं काम होतं, कुणीही परत करू शकतो असं, आणि माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये ते कुठे नव्हतंच! जे गुपचूप नीट चालतं ते आठवत नाही, म्हणून ते मुद्दाम शोधायला लागतं.

चूक दुसरी: फसल्याच्या रकान्यात आकडा लिहून थांबणे

मी लिहिलं होतं, ‘लीकेज १०.६ टक्के, पावसाळा आणि मेथडिंग’. हे कारण नाही, नुसती कुजबुज आहे. मीटिंगमध्ये दोन तट पडले होते, एक म्हणायचा मेथडिंग चुकलं, रायझर, म्हणजे गोठताना आकसणाऱ्या लोखंडाला भर देणारा साठा, लहान पडला, श्रिंकेज आहे, दुसरा म्हणायचा सँड ओली होती. रायझर मोठा करायचा म्हणजे पॅटर्न बदलायचा, म्हणजे खर्च, आणि आम्ही जवळजवळ त्या निर्णयाला आलोच होतो.

तेव्हा लीक झालेले ५ नग कापले. जिथून बुडबुडे येत होते त्या जागेवरूनच कापायचे, कुठूनही कापून उपयोग नाही. आत कोअरच्या बाजूच्या भिंतीजवळ गोल, गुळगुळीत, चकचकीत भोकं होती. असं गुळगुळीत दिसलं की तो गॅस, ब्लोहोल. श्रिंकेज असतं तर आत खरखरीत, दाणेदार, फाटल्यासारखं दिसलं असतं आणि ते सहसा जाड भागात शेवटी गोठणाऱ्या जागी सापडतं. म्हणजे रायझरचा विषय तिथंच संपला.

आता गॅस कोअरच्या बाजूलाच का, हे सांगितलं कोअर शॉपमधल्या मामांनी, आणि मीटिंगमध्ये नाही, चहाच्या वेळी. ‘पावसात कोअर दोन दिवस पडला की मऊ पडतोय सर, नखानं वाळू निघतेय, मी तवाच सांगितलेलो की.’ कोल्ड बॉक्सचा कोअर दमट हवेत ओल धरतो, त्याची ताकद कमी होते, आणि गरम लोखंड लागलं की त्या ओलीचाही गॅस होतो. बेळगावचा जुलै म्हणजे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, कोअर कसा कोरडा राहील.

पण मामांचं म्हणणं म्हणून स्लाइडवर घातलं नाही, तपासलं. नगावर ओतल्याची तारीख होती, कोअरची नव्हती. मग कोअर शॉपचं रजिस्टर आणि ओतल्याची तारीख समोरासमोर ठेवून जुळवत बसलो, एक अख्खी दुपार गेली. निघालं ते असं: एका दिवसाच्या आत वापरलेल्या कोअरचे २१० नग, त्यात ६ लीक. दोन किंवा जास्त दिवस पडून असलेल्या कोअरचे १७६ नग, त्यात ३५ लीक. म्हणजे ३ टक्के कुठे आणि २० टक्के कुठे. शनिवारी कोअर करून ठेवायचे आणि सोमवारी वापरायचे, ही आमची जुनी सवयच त्यात सापडली.

आता फसल्याची ओळ अशी झाली: ‘कोअर किती जुना आहे ते कुणी बघत नव्हतं, पावसाळ्यात दोन दिवसांवरच्या कोअरमध्ये लीक जवळजवळ सातपट.’ हिच्यातून बदल आपोआप दिसतो. ‘लीकेज १०.६ टक्के’ मधून काय दिसतं? काहीच नाही. तुमच्या स्लाइडवरची ओळ वाचून पुढे काय करायचं ते सुचत नसेल तर कारणापर्यंत अजून पोचला नाही असं समजा. आणि एक, २१० मधले ६ का लीक झाले ते आम्हाला अजून सापडलं नाही, तेही स्लाइडवर तसंच लिहिलं, कोअरच्या नावावर सगळे ४१ खपवले नाहीत.

चूक तिसरी: ज्याला माहीत आहे तो खोलीत नसतो, असला तर बोलत नाही

मामा पहिल्या मीटिंगला होते बरं का, मागच्या खुर्चीवर. स्लाइड सगळ्या इंग्लिशमध्ये, समोर मॅनेजर, प्रोजेक्टर, एसी. ते एक शब्द बोलले नाहीत. आपल्याकडे शॉपवर अर्धी माणसं मराठी बोलणारी, अर्धी कन्नड, बहुतेकांना दोन्ही येतं, मग प्रेझेंटेशन इंग्लिशमध्ये कशाला? दुसऱ्या वेळी मी स्लाइडवर मराठी ठेवलं, कन्नड बोलणाऱ्या ऑपरेटरसाठी आमचा लाइन सुपरवायझर सोबत सांगत होता. पण खरं काम त्याच्या आधी झालं, प्रत्येक सेक्शनला जागेवर जाऊन दहा-दहा मिनिटं बसलो आणि एकच विचारलं, हाच पार्ट उद्या परत आला तर तुम्ही काय वेगळं कराल. ‘चूक कुठे झाली’ असं विचारलं की माणूस गप्प होतो, कारण त्याला वाटतं आता नाव लागणार.

उशीरही करू नका. मी पहिलं प्रेझेंटेशन डिस्पॅचनंतर दहा आठवड्यांनी केलं होतं, तोवर कोण काय बोललं ते सगळे विसरले होते, नशीब रजिस्टर जागेवर होतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पीएमबीओके गाइडमध्ये २०१७ च्या सहाव्या आवृत्तीपासून लेसन्स लर्न्ड रजिस्टर प्रोजेक्ट चालू असतानाच भरत जायचं असं आहे ते यासाठीच. आम्ही आता साधी वही ठेवतो, तारीख, काय झालं, कुणी सांगितलं.

चूक चौथी: ‘बदलायचं’ मध्ये ‘काळजी घेणे’

‘समन्वय वाढवणे’, ‘कोअरची काळजी घेणे’, ‘वेळेवर फॉलोअप’. या तीन ओळी माझ्या होत्या आणि त्या दुसऱ्या कुठल्याही प्रोजेक्टच्या शेवटी चिकटवल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं. बदल असा लिहायला पाहिजे की उद्या कुणी शॉपवर जाऊन बघितलं तर झालाय की नाही ते डोळ्यांनी दिसेल. आमच्याकडे शेवटी तीनच ठेवले. कोअरच्या प्रत्येक रॅकला टॅग, त्यावर तारीख आणि वेळ, जबाबदारी कोअर शॉप सुपरवायझरची. जून ते सप्टेंबर या पार्टचा २४ तासांवरचा कोअर मोल्डमध्ये बसवायचा नाही, आणि ही ओळ कंट्रोल प्लॅनमध्ये. शनिवारी दुपारनंतर या पार्टचे कोअर करायचे नाहीत, ते प्लॅनिंगवाल्याच्या शीटमध्ये.

शेवटचे दोन कुठे लिहिलेत ते बघा. प्रेझेंटेशनची फाइल पुढच्या वेळी कुणी उघडत नाही, कंट्रोल प्लॅन आणि प्लॅनिंग शीट रोज उघडली जाते. बदल तिथं गेला नाही तर तो झालाच नाही.

आणि ते २४ तास आंधळेपणाने उचलू नका, ते आमच्या रेझिनचं आणि आमच्या खोलीचं माप आहे. तुमचं काढायचं असेल तर पावसाळ्यात कोअरच्याच सँडचे टेस्ट बार करून कोअर स्टोअरमध्ये ठेवा, काही लगेच तोडा, काही एका दिवसाने, काही दोन, काही तीन, ताकद कुठे घसरते ते दिसेल.

दुसऱ्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी विचारलं, नोव्हेंबरच्या लॉटला लीक फक्त २ टक्के आलं, मग बदल ‘चांगलं झालं’ मध्ये टाकूया का? मी नको म्हटलं. नोव्हेंबरात हवाच कोरडी असते, तेव्हा तीन दिवसांचा कोअरही चालून जाईल. ती ओळ ‘बदलायचं’ मध्येच उघडी ठेवलीय, समोर तपासायची तारीख जुलैची आणि खाली मामांचं नाव, कारण पहिल्या पावसाच्या आठवड्यात रॅकवरचे टॅग बघून कुठला कोअर टाकायचा ते आता तेच ठरवणार आहेत.