आठ गोल कॉलम आणि चौदा गोण्या

गावातल्या मंदिराचा सभामंडप. आठ गोल कॉलम, व्यास ३०० मिमी, उंची ३ मीटर, काँक्रीट एम-२०. मिस्त्रीने हिशोब करून दिला : पंचावन्न गोण्या सिमेंट. आकडा बघूनच शंका आली. एक फूट बाय एक फुटाचे चौकोनी कॉलम असते तरी दहा फूट उंचीला आठ मिळून ८० घनफूटच होतात, आणि गोल तर चौकोनाच्या पाऊणपटीहून जरासाच जास्त. चूक लगेच सापडली. सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास बसला होता, म्हणून सगळं चौपट झालं. तेव्हापासून मी त्रिज्या काढतच नाही. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले उंची, झालं.

तर माल मागवण्याआधी टेप घेऊन साच्याकडे जा. व्यास मोजायचा तो साच्याच्या आतून, कारण "एक फुटाचा" म्हणून आणलेला साचा कधी ३०० मिमीचा असतो, कधी ३०५ चा. दिसायला फरक पाच मिलिमीटरचा, पण व्यासाचा वर्ग होत असल्याने काँक्रीट तीन टक्क्यांनी वाढतं. उंची घ्यायची ती प्लिंथ बीमच्या माथ्यापासून वरच्या बीमच्या तळापर्यंत. स्टार्टर, म्हणजे कॉलमच्या तळाचा छोटा तुकडा, आधीच भरलेला असेल तर तेवढी उंची वजा करा. आमच्याकडे तो भरायचा होता, म्हणून पूर्ण ३ मीटर धरले. सळईची जागा वजा करत बसू नका, तशी पद्धत नाही.

आता आकडे. ०.३ × ०.३ × ०.७८५ × ३ म्हणजे एका कॉलमला ०.२१२ घनमीटर आणि आठांना १.७ घनमीटर. हे झालं ओलं, साच्यात बसलेलं काँक्रीट. कोरडा माल याहून जास्त लागतो, कारण खडीच्या फटीत वाळू जाते आणि वाळूच्या फटीत सिमेंट. त्यासाठी १.५४ ने गुणायचं, म्हणजे २.६१ घनमीटर. एम-२० साठी सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३, या प्रमाणाचे एकूण साडेपाच भाग. एक भाग ०.४७५ घनमीटर, ते सिमेंट. घनमीटरला १४४० किलो धरले की ६८४ किलो, म्हणजे चौदा गोण्या. वाळू ०.७१ घनमीटर, खडी १.४२. ट्रॅक्टरवाल्याला घनमीटर सांगून उपयोग नाही. त्याच्या भाषेत शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, तेव्हा वाळू पाव ब्रास, खडी अर्धा ब्रास. सांडलवंडीसाठी मी पंधरा गोण्या आणि खडी थोडी चढती मागवतो.

वाळूचं मात्र एवढ्यावर भागत नाही. ओलसर वाळू फुगते, आणि फर्म्याने, म्हणजे माल मोजायच्या खोक्याने, मोजताना फुगलेलीच मोजली जाते. काचेच्या बरणीत २०० मिली खुणेपर्यंत ओलसर वाळू न दाबता भरा, मग वाळू बुडेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. आमची १६० वर येऊन थांबली. म्हणजे १६० ची वाळू ४० ने फुगली होती, पंचवीस टक्के. तेव्हा पाव ब्रासऐवजी ३१ घनफूट लागणार, आणि गोणीमागे दीड फर्म्याऐवजी जवळजवळ दोन फर्मे टाकायचे. हे केलं नाही तर काँक्रीटमध्ये वाळू कमी पडते आणि साचा काढल्यावर कॉलमच्या अंगावर खडी उघडी दिसते. पाऊस पडून गेला की बरणी पुन्हा भरा.

फर्मा आदल्या दिवशीच तयार ठेवा. आतून ४० × ३५ × २५ सेंमी, म्हणजे बरोबर ३५ लिटर, एका गोणीच्या सिमेंटएवढा. घमेल्याने मोजू नका. सकाळचं घमेलं सपाट असतं, दुपारनंतर त्याला शीग चढते. फर्म्यावरून फळी फिरवून माल सपाट करायचा. पाण्यासाठी खुणेची बादली, गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर, आणि वाळूत आलेलं पाणी त्यातच धरायचं.

साचे किती आहेत त्यावर दिवसाचा माल ठरतो. आमच्याकडे दोनच होते, तेव्हा एका वेळी दोन कॉलम, साडेतीन गोण्या. चौदाच्या चौदा गोण्या पहिल्याच दिवशी आणून भिंतीला टेकवून ठेवल्या तर शेवटच्या जोडीपर्यंत खालच्या थराला ओल धरते. फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब रचा.

पहिली जोडी भरून झाली की रिकाम्या गोण्या मोजा. साडेतीनच्या जागी चार लागल्या असतील तर आधी साच्याचा घेर टेपने बघा, तो फुगला असेल किंवा सांध्यातून रस गेला असेल. तीनमध्येच भागलं असेल तर फर्मा भरणाऱ्याजवळ जाऊन उभे राहा, खडीचा फर्मा नक्की शिगोशीग जातोय.