आठवड्याचा रिपोर्ट: बेरीज तपासताना या चुका टाळा

चार शाखांची विक्री एकत्र करून सोमवारी दुपारी बाराच्या आत पाठवायची, हे माझं काम. दोन शाखा बिलिंग सॉफ्टवेअरमधून एक्सेल काढून देतात, तिसरी हाताने भरलेली शीट पाठवते आणि चौथीचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे रिपोर्टची बेरीज रिपोर्टमधूनच तपासणं. खालची बेरीज वरच्या ओळींशी जुळणारच, कारण ती त्यांचीच आहे. म्हणून मी डेटा पेस्ट करण्याआधी प्रत्येक शाखेकडून आठवड्याची एकूण विक्री आणि बिलांची संख्या वेगळी मागवून घेते.

एकदा तिसऱ्या शाखेने एकूण 1,26,450 रुपये कळवले आणि माझ्याकडे बेरीज आली 1,18,100. फरक 8,350. बिलं 42, ओळीही 42, म्हणजे काही गळलं नव्हतं. मग हे सूत्र टाकलं:

```
=COUNTA(D2:D43)-COUNT(D2:D43)
```

उत्तर 1 आलं, म्हणजे एक रक्कम आकडा नसून मजकूर होती. `SUM` अशी रक्कम सोडून देतं आणि एरर दाखवत नाही. शोधली तर 17व्या ओळीतले 8,350 सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसले. रकमेमागे न दिसणारी स्पेस होती, आणि ती `TRIM` ने जात नाही. शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये हे लिहून आलेली रक्कम मूळ जागी व्हॅल्यू म्हणून पेस्ट केली:

```
=VALUE(SUBSTITUTE(D17,CHAR(160),""))
```

व्हॉट्सअ‍ॅपवरचे आकडे हाताने टाइप करावे लागतात, तिथे वेगळी गफलत होते. फरक 2,700 आला आणि त्याला 9 ने पूर्ण भाग जातो, तर आधी शेजारचे अंक उलटसुलट झालेत का ते बघा. माझ्याकडे 7,410 चे 4,710 झाले होते. नऊने भाग गेला म्हणजे हीच चूक असं नाही, पण शोधायला सुरुवात इथून करावी.

विक्री बँकेत जमा झालेल्या रकमेशी ताडून पाहताना तारखेकडे लक्ष द्या. दुकानाच्या क्यूआरवर रविवारी झालेली विक्री अनेकदा सोमवारी खात्यात येते. अशा वेळी व्यवहाराची तारीख धरायची, जमा झाल्याची नाही.

मागच्या आठवड्याची फाइल कॉपी करून वापरत असाल, तर आधी सगळे जुने आकडे पुसा. एखाद्या शाखेचा डेटा आलाच नाही, तर तिथे जुना आकडा तसाच राहतो, आणि तो खरा वाटतो म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. शाखांना मी अकराची वेळ देते. त्यानंतरही आकडे आले नाहीत, तर त्या ओळीत ‘आकडे आलेले नाहीत’ असं लिहिते, एकूण विक्री तीनच शाखांची असल्याचं मेलच्या पहिल्याच ओळीत सांगते आणि बाराच्या आत रिपोर्ट पाठवते. राहिलेल्या शाखेचे आकडे आले की सुधारित फाइल नव्या नावाने जाते.