आयेल्ट्स टास्क १: ग्राफमधले सगळे आकडे उतरवताय? या चुका टाळा

जळगावला संध्याकाळी मी पाच-सहा पोरापोरींकडून आयेल्ट्स अकॅडेमिकच्या रायटिंगची प्रॅक्टिस करून घेतो. कोणी चोपड्याचं, कोणी पाचोऱ्याचं, एक जण तर भुसावळहून रोज पॅसेंजरने येतो. आणि यातल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला टास्क १, म्हणजे दिलेल्या ग्राफचं इंग्रजीत वर्णन, मी वाचला की मला तीच गोष्ट दिसते, ग्राफमधे जितके आकडे होते तितके सगळे उत्तरात हजर, इंग्रजीही बऱ्यापैकी, पण वाचून झाल्यावर ग्राफमधे नेमकं झालं काय ते कळतच नाही.

पोरांना वाटतं आकडा सुटला तर मार्क जातील. उलट आहे भाऊ. प्रश्नातच लिहिलेलं असतं की मुख्य गोष्टी निवडा, त्या सांगा आणि जिथे लागेल तिथे तुलना करा. निवडणं हेच काम दिलंय. मार्क देण्याच्या निकषांतही सरळ म्हटलंय की तपशील यंत्रासारखे सांगत गेलात आणि ओव्हरव्ह्यू, म्हणजे ग्राफमधे एकंदर काय झालं ते, स्पष्ट नसला तर ते काम बँड ५ चं, हे टास्क अचीव्हमेंटपुरतं, म्हणजे चार निकषांपैकी एक, पण बाकी ग्रामर-व्होकॅब चांगलं असलं तरी तो एक निकष सगळा स्कोर खाली ओढतो.

एक ग्राफ घेऊ. हा मी सरावासाठी मनाने बनवलाय, आकडे खरे नाहीत, तालुकाही काल्पनिक. लाइन ग्राफ आहे, बागायती क्षेत्रापैकी किती टक्के क्षेत्र कोणत्या पद्धतीने भिजवलं जायचं ते दाखवतो.

| वर्ष | पाटपाणी | ठिबक | तुषार |
|---|---|---|---|
| १९९० | ९० | ५ | ५ |
| २००० | ७० | २० | १० |
| २०१० | ४० | ५० | १० |
| २०२० | २० | ७० | १० |

आमच्या चोपड्याच्या पोराने यावर असं लिहिलं (त्याचं इंग्रजी मी इथे मराठीत सांगतोय): १९९० मधे पाटपाणी ९० टक्के होतं, ठिबक ५ टक्के होतं आणि तुषार ५ टक्के होतं. २००० मधे पाटपाणी ७० टक्के होतं, ठिबक २० टक्के... असं करत करत २०२० पर्यंत. बाराच्या बारा आकडे आले, एकही चूक नाही. मी विचारलं, यात सगळ्यात मोठी गोष्ट कोणती? तो ग्राफकडे बघत बसला आणि म्हणे, "आते आठे काय लिखू भाऊ, समदं तं लिखी टाकं."

चूक कुठे होते: वर्षावर्षाने वाचलं की वर्षावर्षानेच लिहिलं जातं

त्याचे डोळे ग्राफवर डावीकडून उजवीकडे गेले, प्रत्येक वर्षाला थांबून तीन आकडे उचलले, पुढे. म्हणून उत्तरही तसंच आलं. लाइन ग्राफ आधी रेषेरेषेने बघायचा. एक बोट पाटपाण्याच्या रेषेवर ठेवा आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत न थांबता फिरवा: खाली, खाली, खाली. मग ठिबक: वर, वर, वर. मग तुषार: थोडं वर आणि मग सपाट. आकडे अजून वाचायचेच नाहीत. एवढं केलं की ओव्हरव्ह्यू तुमच्या हातात आला, खरंच सांगतो, याला अर्धा मिनिट लागतो.

नंतर तीन प्रश्न विचारायचे. सुरुवातीला वर कोण होतं आणि शेवटी वर कोण आहे? रेषा कुठे एकमेकींना कापतात का? बदल सगळ्यात जोरात कधी झाला? आपल्या ग्राफमधे उत्तरं अशी: आधी पाटपाणी वर, शेवटी ठिबक वर. दोघी २०१० च्या थोडं आधी कापतात. आणि सगळ्यात जोराचा बदल २००० ते २०१० मधे, कारण बाकीच्या दशकांत पाटपाणी २०-२० अंकांनी घसरलं आणि या एका दशकात ३० अंकांनी.

आता अजून एक गोष्ट बघा जी मला या ग्राफमधे सगळ्यात आवडते आणि एकाही पोराला पहिल्यांदा दिसली नाही. २००० मधे पाटपाणी ७० आणि ठिबक २०. २०२० मधे ठिबक ७० आणि पाटपाणी २०. वीस वर्षांत दोघांची पूर्ण अदलाबदल. हे एक वाक्य लिहिलं की चार आकडे एकदम कामाला लागतात आणि तुलना आपोआप होते. वर्षावर्षाने उतरवणाऱ्याच्या कागदावर हे चारही आकडे होतेच की, पण दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत पडलेले, एकमेकांना भेटलेच नाहीत.

ओव्हरव्ह्यू लिहितात पण तो ओव्हरव्ह्यू नसतोच

दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे "ओव्हरऑल" शब्द लिहायचा आणि पुढे "काही गोष्टी वाढल्या आणि काही कमी झाल्या" एवढंच. हे जगातल्या कुठल्याही ग्राफला चालेल, म्हणून त्याचा उपयोग शून्य. काय वाढलं, काय घटलं, नाव घ्या. दुसरा प्रकार, ओव्हरऑल म्हणून ९० वरून २० वर, ५ वरून ७० वर असे आकडेच परत. ओव्हरव्ह्यूत आकडे टाकू नका, फक्त ग्राफचा आकार सांगा, आकडे पुढच्या परिच्छेदांत येतात. दोन वाक्यं पुरतात: पाटपाण्याचा हिस्सा सतत घटत गेला आणि ठिबकचा सतत वाढत जाऊन शेवटी तीच मुख्य पद्धत झाली. तुषारचा हिस्सा मात्र पूर्ण काळात कमीच राहिला.

जागा कोणती? इंट्रोनंतर लगेच किंवा अगदी शेवटी, दोन्ही चालतं. पण मी पोरांना इंट्रोनंतरच लिहायला लावतो, कारण शेवटासाठी ठेवला आणि वेळ संपला तर नेमका तोच राहून जातो.

टक्के आणि टक्के यातला घोळ

इथे हुशार पोरंही अडकतात. ठिबक ५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं, म्हणून लिहितात की ६५ टक्क्यांनी वाढलं. चूक. ५ चा ६५ टक्के म्हणजे सव्वातीन, तेवढ्याने वाढलं असतं तर सव्वाआठवर थांबलं असतं. बरोबर म्हणजे ६५ पर्सेंटेज पॉइंट्सने वाढलं, किंवा सोपं करायचं तर ५ वरून ७० टक्क्यांपर्यंत पोचलं असं लिहा, त्यात चुकायला जागाच नाही.

आणि हा ग्राफ क्षेत्राच्या हिश्श्याचा आहे, हेक्टरचा नाही, शेतकऱ्यांच्या संख्येचाही नाही. "ठिबक वापरणारे शेतकरी वाढले" असं दोघांनी लिहिलं. ग्राफ तसं सांगत नाही. एकूण बागायत वाढलं की घटलं हेही यातून कळत नाही. म्हणून पेन उचलायच्या आधी बाजूच्या रेषेवर, म्हणजे अॅक्सिसवर काय लिहिलंय ते वाचा आणि आपल्या वाक्याचा कर्ता तोच ठेवा: हिस्सा वाढला, हिस्सा घटला.

आपल्याकडच्या पोरांची खास चूक

ठिबक म्हटलं की खानदेशातलं पोरगं गप्प बसेल का. केळीला पाणी किती लागतं, विहिरी कशा खोल गेल्या, अनुदान कसं मिळतं, सगळं माहीत, घरच्या शेतात नळ्या आहेत. एका मुलीने अर्धा परिच्छेद कारणांवर लिहिला आणि सगळी कारणं पटण्यासारखी होती. मला ते काट मारताना वाईट वाटलं पण मारली. टास्क १ मधे ग्राफमधे नसलेली माहिती, कारणं, स्वतःचं मत यातलं काहीही नको. विषय जितका ओळखीचा तितकं जास्त सांभाळायचं. तो जोर टास्क २ साठी ठेवा, तिथे तुमचं मत आणि कारणंच हवी असतात.

बार चार्ट आला तर

आधी बघा त्यात वेळ आहे का. दोन-तीन वर्षांचे बार असतील तर वरचंच सगळं लागू. पण एकाच वर्षाचा चार्ट असेल, समजा पाच गावांतल्या बागायतीचा, तर तिथे "वाढलं", "घसरलं" हे शब्दच चुकीचे, कारण काहीच बदललेलं नाही, एक गाव दुसऱ्यापेक्षा मोठं आहे इतकंच. तिथे गट पाडा: सगळ्यात उंच कोण, जवळजवळ सारखे कोण, एकटं वेगळं पडलेलं कोण. चार्टमधे जो क्रम दिलाय त्याच क्रमाने लिहायची काही सक्ती नाही.

वेळ

दोन्ही टास्क मिळून ६० मिनिटं, त्यात टास्क १ ला साधारण २० मिनिटं आणि कमीत कमी १५० शब्द. टास्क २ चं वजन दुप्पट आहे. म्हणजे टास्क १ मधे २५० शब्द लिहिणारा दुप्पट मार्कांच्या कामातून वेळ काढून इथे घालतोय. मी सांगतो तीन-चार मिनिटं नुसती बघण्यात घालवा, तेरा-चौदा मिनिटं लिहा, उरलेल्यात वर्षं, युनिट आणि भूतकाळ तपासा. १६० ते १८० शब्द भरपूर झाले. कॉम्प्युटरवर देणाऱ्यांना शब्द मोजून समोर दिसतात, पेपरवर देणाऱ्यांनी आपल्या एका ओळीत किती शब्द बसतात ते घरीच मोजून ठेवा. आणि प्रश्नातलं वाक्य इंट्रोत हुबेहूब उतरवू नका, ते शब्द धरत नाहीत.

चोपड्याच्या पोराचं तिसरं उत्तर, ओव्हरव्ह्यूनंतरचं, असं होतं: सुरुवातीला ९० टक्के क्षेत्र पाटाने भिजायचं, बाकी दोन पद्धती प्रत्येकी ५ टक्क्यांवर. २००० पर्यंत हा हिस्सा ७० वर आला तरी ठिबकच्या साडेतीनपट होता. पुढच्या दशकात ठिबक ३० अंकांनी वाढून ५० वर गेलं, आणि २०२० ला दोघांची जागा पूर्ण बदललेली होती, ठिबक ७०, पाटपाणी २०. तुषार १० वर गेल्यावर हललंच नाही. बारापैकी किती आकडे वापरले मोजा, आणि काही सुटल्यासारखं वाटतंय का ते बघा.

यावर एक टेस्ट करतो आम्ही. ज्याने ग्राफ बघितलेला नाही त्याला फक्त उत्तर द्यायचं आणि कोऱ्या कागदावर रेषा काढायला सांगायच्या. या पोराने घरी बहिणीला काढायला लावल्या. तिने तिन्ही रेषा बरोबर काढल्या, फक्त पाटपाणी आणि ठिबक एकमेकींना कापतात ती जागा २०१५ च्या आसपास दाखवली. परत उत्तर बघितलं तर २०१० मधे पाटपाणी ४० वर उतरलं होतं हे त्याने लिहिलंच नव्हतं. त्याने तिथे एवढंच घातलं की २०१० च्या थोडं आधी ठिबकने पाटपाण्याला मागे टाकलं.