एक्स्चेंज सेमिस्टरचा अर्ज: आधी सत्र बघा

पासपोर्ट, गुणपत्रिका, भाषेच्या परीक्षेचा निकाल हे सगळे जमवतातच, त्यावर मी वेळ घालवत नाही. तिथल्या विद्यापीठाची कोर्सची यादी उघडा आणि प्रत्येक नावापुढे तो कोर्स ऑटममध्ये शिकवतात की स्प्रिंगमध्ये ते वाचा. यादी चालू वर्षाची आहे ना, तेही बघा.

मी बघितलं नव्हतं. मी स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी. निवेदनाचं अख्खं पान 'टाइम सिरीज'भोवती रचलं, अर्ज केला स्प्रिंगचा, आणि तो कोर्स होता फक्त ऑटमला. समन्वयकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. मुख्य कोर्सच गळल्यावर बाकीच्या तीन कोर्सचं एकमेकांशी काय नातं, हे मलाही सांगता येईना.

सत्र जुळलं की आपला अभ्यासक्रम शेजारी ठेवा. नावावर जाऊ नका, आतला आठवड्यांचा आराखडा वाचा. 'अप्लाइड रिग्रेशन' मला नवा वाटला होता. उघडला तर बहुतेक भाग आमच्याकडे दुसऱ्या वर्षी झालेला. असल्या कोर्सचे क्रेडिट आपला विभाग पुन्हा कशाला मोजेल? पूर्वअटही तिथेच लिहिलेली असते.

मग निवेदन. 'मला या विषयाची आवड आहे' हे लिहू नका, ते सगळेच लिहितात. आपल्याकडे काय झालं, कुठे थांबलं आणि तिथला कोर्स तिथून पुढे कसा नेतो, एवढं लिहा. माझं दुसऱ्या खेपेचं असं होतं: 'रिग्रेशनमध्ये आम्ही त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चाललो. रोजच्या विजेच्या मागणीत ते धरता येत नाही, कारण आजचा आकडा कालच्यावर अवलंबून असतो. टाइम सिरीजमध्ये हे अवलंबन हाताळायला शिकेन आणि परतल्यावर शेवटच्या सत्राच्या प्रकल्पात वापरेन.' प्रकल्पाचं नाव घातल्यावर कोर्स उगाच घेतलेला वाटत नाही. हो, या वेळी अर्ज ऑटमचा होता.

क्रेडिटचा हिशोब: युरोपात एका सत्राचा पूर्ण भार 30 ईसीटीएस, आणि एक ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. हौसेने जास्त कोर्स भरू नका. आपल्या विभागाला यातले किती आणि कशाच्या बदल्यात चालतील, ते जाण्याआधी लेखी घ्या. तोंडी 'होईल बघू' परत आल्यावर कोणाला आठवत नाही.

दोन पर्यायी कोर्स हाताशी ठेवा, कारण जागा भरतात, वेळा एकमेकींवर येतात. आणि त्या पर्यायांचंही सत्र बघा. मी ते बघायला जवळजवळ विसरलेच होते, दुसऱ्यांदा.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिथे कोणते कोर्स घेणार याचा लेखी करार, असेल तर तिन्ही सह्या: तुमची, आपल्या विद्यापीठाची, तिथल्यांची. तिथे गेल्यावर कोर्स बदलला तर तो बदलही त्यात नोंदवून पुन्हा सह्या. कोर्सचे आराखडे पीडीएफ करून ठेवा, पुढे विभाग मागतो. शेवटची तारीख तुम्हाला माहीत असेलच.

पाठवायच्या आधी ऑटम-स्प्रिंग पुन्हा एकदा.