हजेरीच्या शीटमध्ये तारीख अशीच लिहा

मंडळी, जूनची हजेरी सलग दुसऱ्यांदा चुकली, म्हणून हे लिहितोय. आपल्या शीटचं लोकेल, म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ती सेटिंग, `United States` होतं, आणि तिकडे आधी महिना लिहितात. त्यामुळे 5 जूनसाठी टाकलेलं `05/06/2025` शीटने 6 मे धरलं. `13/06/2025` मात्र तारीख म्हणून घेतलंच नाही, कारण तेरावा महिना नसतो. ते नुसता मजकूर राहिलं. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडेच राहतो.

लोकेल मी `India` केलंय, पण जुन्या नोंदी त्याने सुधारत नाहीत, त्या आपापल्या तपासा. यापुढे तारीख `2025-06-05` अशीच, आधी वर्ष. अर्ध्या दिवसाला फक्त `0.5`. "0.5 दिवस" लिहिलंत तर `SUM` ते गुपचूप वगळतं आणि तुमचा अर्धा दिवस बुडतो.